गुणाकार बरोबर, सूत्र चूक

घर बांधायला काढलं की कंत्राटदार कामांची यादी देतो. तिला कोणी बीओक्यू म्हणतं, कोणी नुसतं ‘क्वांटिटी’. खोदाई इतके घनमीटर, वीटकाम इतके, काँक्रीट इतके; पुढे दर आणि रक्कम. घरमालक दरावर घासाघीस करतो, कॅल्क्युलेटर घेऊन रकमा पडताळतो आणि सही करतो. चूक बहुधा त्याच्या अलीकडे, ते घनमीटर जिथून आले त्या मोजमाप तक्त्यात असते.

समजा, बाहेरून १० मीटर लांब आणि ८ मीटर रुंद असं एक साधं घर आहे. भिंत २३ सेंटिमीटर जाड आणि ३ मीटर उंच. तक्त्यात भिंतीची लांबी बाहेरच्या परिघाएवढी, म्हणजे ३६ मीटर लिहिलेली असते आणि वीटकाम २४.८४ घनमीटर निघतं. गुणाकार अचूक आहे. पण लांब भिंत कोपऱ्यापर्यंत मोजली आणि आडवी भिंतही त्याच कोपऱ्यापर्यंत मोजली, तर कोपऱ्यातला २३ बाय २३ सेंटिमीटरचा खांब दोनदा मोजला जातो. असे खांब चार. म्हणून भिंतीच्या मध्यरेषेची लांबी घ्यायची: ९.७७ आणि ७.७७ यांची बेरीज करून दुप्पट, म्हणजे ३५.०८ मीटर. वीटकाम येतं २४.२१ घनमीटर. फरक ०.६३ घनमीटरचा, आणि चार कोपऱ्यांचं घनफळही नेमकं तेवढंच भरतं.

दारं-खिडक्यांची वजावट पाहतानाही डोळा उघडा हवा. त्यांचं क्षेत्रफळ भिंतीच्या जाडीने न गुणता थेट घनमीटरमधून वजा केलं, तर ७.८६ चौरस मीटरच्या उघाड्यांसाठी १.८१ घनमीटरऐवजी ७.८६ घनमीटर कापले जातात. ही चूक कंत्राटदाराला बुडवते. पडताळणी दोघांच्याही हिताची असते ती यामुळे.

स्लॅबची चूक जास्त लपलेली असते. याच घराचा स्लॅब साडेबारा सेंटिमीटर जाड धरला तर काँक्रीट बरोबर १० घनमीटर. भिंतींवरून फिरणारा बीम नकाशात ‘२३० बाय ४५०’ असा दिसतो, आणि तक्ता भरणारा खोली ०.४५ मीटर लिहून टाकतो. पण त्या ४५ सेंटिमीटरमधले वरचे साडेबारा स्लॅबचेच आहेत आणि ते स्लॅबमध्ये मोजून झालेले असतात. स्लॅब पूर्ण मोजला असेल, तर बीमची खोली स्लॅबच्या खालून मोजायची, म्हणजे ०.३२५ मीटर. नाहीतर ३५.०८ मीटर लांबीवर १.०१ घनमीटर काँक्रीट दोनदा लागतं, स्लॅबच्या जवळजवळ एक दशांश.

स्लॅबच्या आकड्याची सोपी उलटतपासणीही आहे. दिलेलं घनफळ क्षेत्रफळाने भागून पाहावं. १० भागिले ८० म्हणजे ०.१२५, नकाशातली जाडी. उत्तर ०.१५ आलं तर कुठेतरी जाडी बदलली आहे किंवा काहीतरी जास्तीचं घुसलं आहे. मात्र बीम वेगळ्या ओळीत असेल, तर त्यातली दुहेरी मोजणी या भागाकाराने सापडत नाही. त्यासाठी छेदाचा नकाशाच समोर हवा.

सगळ्यात फसवी खोदाई. फुटिंगचा खड्डा तळाशी २ बाय २ मीटर, खोली दीड मीटर, आणि माती ढासळू नये म्हणून चारही बाजूंना उतार दिल्याने वर साडेतीन बाय साडेतीन. तळाचं क्षेत्रफळ ४, वरचं १२.२५, सरासरी ८.१२५ गुणिले दीड, म्हणजे १२.१९ घनमीटर. दिसायला निर्दोष. पण हा खड्डा मधोमध कापला तर बाजू २.७५ मीटर येते आणि क्षेत्रफळ ७.५६, ८.१२५ नव्हे. लांबी आणि रुंदी दोन्ही वाढत जातात, तेव्हा दोन टोकांच्या क्षेत्रफळांची सरासरी मधल्या क्षेत्रफळापेक्षा मोठीच येते.

योग्य रीत अशी: वरचं क्षेत्रफळ, तळाचं क्षेत्रफळ आणि मधल्याची चौपट यांची बेरीज करायची, खोलीने गुणायचं, ६ ने भागायचं. उत्तर ११.६३ घनमीटर. असे १२ खड्डे असतील तर सरासरीने ६.७५ घनमीटर, म्हणजे सुमारे २.४ ब्रास माती जास्त लागते. ही सवय बहुधा लांब चरावरून येते. तिथे उतार दोनच बाजूंना असतो, लांबी तीच राहते, आणि सरासरी अगदी बरोबर उत्तर देते.

उताराची खोदाई देय आहे का, हे मात्र सूत्राआधी करारात पाहावं. काही करारांत फुटिंगखालच्या काँक्रीटची लांबी-रुंदी गुणिले खोली एवढंच धरतात. ट्रकमध्ये भरलेल्या मातीवरून तर खड्डा मोजूच नये, कारण खणलेली माती फुगते.

म्हणून सही करण्याआधी नुसता एकूण आकडा न घेता नग, लांबी, रुंदी, उंची असे रकाने असलेला तक्ता मागा. खड्ड्याची मापं काँक्रीट पडण्याआधी दोघांनी मिळून घ्या आणि दोघांच्या सह्यांनी लिहून ठेवा. भराव झाल्यावर ती कोणालाच घेता येत नाहीत.