वाक्य संपेपर्यंत लक्षात ठेवायचं कसं?

‘आईने ती जुनी पेटी गावाकडच्या घराच्या माळ्यावरून वडिलांच्या मदतीने सावकाश खाली...’ पुढचा शब्द ‘उतरवली’ हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. ‘उतरवला’ नाही की ‘उतरवलं’ नाही, कारण उतरवली ती पेटी. पण पेटीनंतर सात शब्द येऊन गेले. त्यांत घर आलं, माळा आला, वडील आले. त्यांच्या लिंगाचा या क्रियापदाशी काही संबंध नाही. संगणकाला हे क्रियापद बरोबर लिहायचं असेल, तर पेटी स्त्रीलिंगी आहे एवढी एक गोष्ट त्याला सात शब्द सांभाळून न्यावी लागते.

रिकरंट नेटवर्क हे याच कामासाठी बनलेलं. ते वाक्य एकेक शब्द करत वाचतं. आतापर्यंत जे वाचलं त्याचा सारांश त्याच्याजवळ आकड्यांच्या रूपात असतो. नवा शब्द आला की तो आणि जुना सारांश यांच्यावर गणित होऊन नवा सारांश तयार होतो, आणि प्रत्येक शब्दाला गणित तेच. म्हणून वाक्य पाच शब्दांचं असो वा पन्नास, नेटवर्क बदलावं लागत नाही.

अडचण येते ती शिकताना. नेटवर्कने ‘उतरवला’ लिहिलं, तर चूक किती झाली ते मोजतात आणि तिचा दोष एकेक शब्द मागे नेत वाटतात, म्हणजे कुठलं गणित किती सुधारायचं ते कळतं. या प्रवासात दर पायरीला एक गुणाकार होतो. समजा, दर वेळी दोष निम्मा होतो. मग सात पायऱ्या मागे पेटीपर्यंत त्याचा 128वा भागच पोहोचतो, आणि पेटी लक्षात ठेवायला हवी होती हे नेटवर्कला जवळजवळ कळतच नाही. पाण्याच्या पंपावरचा सेन्सर मिनिटाला एक नोंद देत असेल, तर तासाभरात 60 पायऱ्या होतात. तिथे दर पायरीला नऊ-दशांश दोष टिकला, तरी तासाभरापूर्वीच्या नोंदीपर्यंत 0.2 टक्क्यांहूनही कमी उरतो. जर्मनीतल्या म्युनिकमध्ये विद्यार्थी असलेल्या सेप होखरायटर यांनी 1991च्या प्रबंधात या दुखण्याचं नेमकं निदान केलं.

उपाय आला 1997मध्ये. होखरायटर आणि त्यांचे मार्गदर्शक युर्गेन श्मिडहुबर यांनी ‘लाँग शॉर्ट-टर्म मेमरी’, म्हणजे एलएसटीएम, हे नेटवर्क मांडलं. त्याच्या गाभ्यात स्मृतिपेशी असते. तिच्यातला आकडा दर पायरीला नव्याने घडवला जात नाही. तो तसाच पुढे जातो आणि गरज पडली तरच त्यात भर पडते. ही भर किती घालायची ते एक गेट ठरवतं, आणि साठवलेलं बाहेर कधी दाखवायचं ते दुसरं. गेट म्हणजे शून्य ते एक यांमधला एक आकडा.

आपल्याच वाक्यात पाहू. ‘पेटी’ वाचताच भर घालणारं गेट एकच्या जवळ जातं आणि पेशीत स्त्रीलिंगाची खूण म्हणून, समजा, 1 लिहिला जातो. ‘माळ्यावरून’ येतं तेव्हा तेच गेट शून्याजवळ असतं. माळ्याचं लिंग आत शिरत नाही. दर शब्दाला खुणेचा 99 टक्के भाग टिकला, तर ‘खाली’पर्यंत 0.93 उरतो. तिथे दाखवणारं गेट उघडतं आणि ‘उतरवली’ येतं. गेट कधी उघडायचं हे कुणी सांगत नाही. तेही चुकांमधूनच शिकलं जातं. खऱ्या नेटवर्कमध्ये अशा शेकडो पेशी असतात आणि एकच खूण बरेचदा अनेक पेशींत विखुरलेली असते.

मूळच्या रचनेत विसरायची सोय मात्र नव्हती. वाक्य पूर्णविरामाशी संपतं, तिथे पेशी बाहेरून कोरी करता येते. सेन्सरच्या नोंदींना पूर्णविराम नसतो; भर पडत पडत पेशीतला आकडा फुगत जातो आणि निरुपयोगी होतो. फेलिक्स गेर्स, श्मिडहुबर आणि फ्रेड कमिन्स यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या लेखात विसरण्याचं गेट जोडलं. वरचे 99 टक्के हे त्याच गेटचं काम. पंप बंद होऊन पुन्हा सुरू झाला की ते शून्याकडे जायला शिकतं आणि जुना हिशेब पुसतं.

एक मर्यादा मात्र राहिलीच. आधीचा शब्द झाल्याशिवाय पुढचा घेता येत नाही, त्यामुळे प्रचंड मजकुरावर शिकवायला वेळ फार लागतो. 2017मध्ये आलेल्या ट्रान्सफॉर्मरला शिकताना सगळे शब्द एकदम हाताळता येतात, म्हणून भाषेचं काम बहुतांशी तिकडे गेलं. सेन्सरच्या नोंदी मात्र एकामागून एकच येतात, आणि छोट्या यंत्रावर चालणारी आटोपशीर स्मृती तिथे अजून उपयोगी पडते.

असं नेटवर्क तुमच्या कामात असेल, तर एक चाचणी जरूर करा. जुन्या नोंदी हळूहळू कापत जा आणि अंदाज कधी बिघडतो ते पाहा. तासभर कापूनही काही बिघडलं नाही, तर दिलेला तो तास नेटवर्क वापरतच नव्हतं.