फोन मेला तरी गाडी उघडते, पण कुठवर?

रात्रीचे दहा, मॉलचं तळघर, हातात पिशव्या आणि फोन काळाठिक्कर. गाडीची किल्ली त्याच फोनमध्ये. फोनला गाडीची किल्ली करायची म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे हेच चित्र उभं राहतं आणि ते किल्ली करण्याचा विचार सोडून देतात. भीती अगदीच खोटी नाही. मात्र ‘फोन मेला’ या एकाच वाक्यात निरनिराळ्या अवस्था दडलेल्या असतात. त्यातल्या एकीत गाडी उघडते, दुसरीत नाही. फरक ठाऊक असला तर तळघरात घाम फुटत नाही.

आधी किल्ली असते कुठे, ते पाहू. अ‍ॅपलने 2020 मध्ये बीएमडब्ल्यूच्या गाड्यांपासून ही सोय सुरू केली. त्यात किल्ली एखाद्या साध्या अ‍ॅपमध्ये नसते, फोनमधल्या एका वेगळ्या सुरक्षित चिपमध्ये असते. दाराच्या मुठीत एनएफसीचा वाचक बसवलेला असतो. फोन त्याच्याजवळ, अगदी दोन-चार सेंटिमीटरवर नेला की गाडी चिपला एक कोडं घालते. चिप त्याचं उत्तर देते आणि दार उघडतं. आत बसल्यावर फोन ठरलेल्या ट्रेवर ठेवायचा आणि स्टार्टचं बटण दाबायचं. या सगळ्याला इंटरनेट लागत नाही, त्यामुळे तळघरात रेंज नसली तरी अडत नाही.

अल्ट्रा-वाइडबँडची तऱ्हा वेगळी. इथे फोन खिशातच राहतो. तुम्ही जवळ येताना फोन आणि गाडी आधी ब्लूटूथवर एकमेकांना ओळखतात. मग अतिशय छोट्या रेडिओ स्पंदांची देवाणघेवाण होते आणि स्पंद जाऊन यायला किती वेळ लागला त्यावरून गाडी अंतर काढते. रेडिओलहर एका नॅनोसेकंदात सुमारे 30 सेंटिमीटर जाते, त्यामुळे हे मोजमाप फार बारकाईने होतं. याचा खरा फायदा चोरांविरुद्ध आहे. साध्या कीलेस किल्लीचा सिग्नल घराच्या दारापासून पार्किंगपर्यंत दोन यंत्रांनी ‘पुढे ढकलून’ गाड्या पळवल्या गेल्या आहेत. अल्ट्रा-वाइडबँडमध्ये तसं केलं तर स्पंदाला लांबचा फेरा पडतो, वेळ वाढतो आणि किल्ली दूर आहे हे गाडीला कळतं. प्रकाशाच्या वेगापुढे चोराचंही काही चालत नाही.

पण याच सोयीसाठी फोन जागा लागतो. ब्लूटूथ चालू हवं, रेडिओ चालू हवा, हिशेब करायला वीज हवी. बॅटरी संपली की ही वाट आधी बंद होते. तुम्ही गाडीशी जाऊन उभे राहता, रोजच्यासारखं दार उघडत नाही आणि ‘संपलं सगळं’ असं वाटतं. प्रत्यक्षात एनएफसीची वाट अजून उघडी असू शकते.

कारण ‘शून्य टक्के’ म्हणून बंद पडलेल्या फोनची बॅटरी पूर्ण कोरडी नसते. फोन चालवण्याइतका जोर तिच्यात उरलेला नसतो, इतकंच. त्या तळाच्या गाळातून सुरक्षित चिप आणि एनएफसी काही काळ जगवता येतात. आयफोन एक्सआर, एक्सएस आणि नंतरच्या मॉडेलांत ही राखीव सोय आहे. अ‍ॅपलच्या म्हणण्यानुसार फोन बॅटरीअभावी बंद पडल्यावर किल्ली 5 तासांपर्यंत चालू शकते. ‘पर्यंत’ हा शब्द विसरू नये. जुन्या, थकलेल्या बॅटरीकडून पूर्ण पाच तासांची अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. दुसरी अट एक्स्प्रेस मोडची. तो चालू असेल तर किल्ली वापरताना चेहरा किंवा पासकोड लागत नाही. तो तुम्ही बंद करून ठेवला असेल, तर मेलेल्या फोनवर पासकोड टाकणार कुठे? राखीव वीज असूनही दार उघडणार नाही. अर्थात एक्स्प्रेस मोड चालू ठेवला की फोन चोरणाऱ्यालाही दार उघडतं. यातलं काय पत्करायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. मी तो चालूच ठेवायला सांगेन, कारण हरवलेल्या फोनमधली किल्ली दुसऱ्या उपकरणावरून स्थगित करता येते.

एक प्रसंग धरून चालू. साताऱ्याहून पुण्याला निघालेल्या एका बाईंचा आयफोन नकाशा दाखवता दाखवता संध्याकाळी सहाला मान टाकतो. गाडी चालूच राहते; धावत्या गाडीला फोनच्या मरणाशी देणंघेणं नसतं. पुढे ढाब्याशी त्या गाडी बंद करून उतरतात, जेवून साडेसातला परततात. त्या जवळ येतात, पण दार ढिम्म. आता त्यांनी फोनच्या बाजूचं बटण दाबून पाहावं. राखीव वीज असेल तर काळ्या पडद्यावर रिकाम्या बॅटरीचं चिन्ह आणि तशी सूचना दिसते. मग फोनचा वरचा टोकाकडचा भाग मुठीला टेकवून क्षणभर स्थिर धरावा. आयफोनचा एनएफसी अँटेना वरच्या कडेला असतो. बरेच जण फोनची मधली पाठ टेकवतात, दोनदा आपटतात आणि किल्ली बिघडली म्हणतात. जाड धातूचं कव्हर असेल तर तेही आधी काढावं. दार उघडलं की फोन ट्रेवर ठेवून गाडी सुरू करायची आणि लगेच केबल लावायची. एवढं झालं की रात्रीची काळजी मिटली.

आता दुसरी अवस्था. याच बाईंनी ‘तीनच टक्के उरलेत, वाचवू या’ म्हणून फोन स्वतःच्या हाताने बंद केला असता तर? तिथे राखीव सोय मिळत नाही. ती फक्त बॅटरी आपोआप संपल्यावरच चालू होते. बचतीच्या नादात किल्ली घालवून बसण्याचा हा प्रकार, आणि तो सगळ्यात सहज घडणारा आहे. बंद केलेला फोन आधी पुन्हा सुरू करावा लागतो.

सगळ्या गाड्या आणि फोन असे वागत नाहीत. अँड्रॉइडमध्ये राखीव सोय आहे का आणि ती किती वेळ चालते, हे मॉडेलवर ठरतं. टेस्लाची पद्धत तर मुळातच निराळी. तिथे फोनची किल्ली कंपनीच्या अ‍ॅपमधून ब्लूटूथवर चालते, त्यामुळे फोन मेला की किल्लीही मेली. म्हणूनच टेस्लासोबत एनएफसी कार्ड येतं. 2025 च्या जुलैमध्ये मुंबईत बीकेसीला दालन उघडून कंपनीने इथे जी मॉडेल वाय विकायला काढली, तीही याच घराण्यातली. कार्डाला बॅटरीच नसते. वाचकाच्या चुंबकीय क्षेत्रातूनच त्याला वीज मिळते, त्यामुळे ते पाकिटात वर्षभर पडून राहिलं तरी चालतं. मात्र ते गाडीच्या डॅशबोर्डात ठेवणाऱ्यांना काय म्हणावं! ह्युंदाईच्या अल्काझारसारख्या आपल्याकडच्या गाड्यांतही दाराच्या मुठीला फोन टेकवायची सोय आली आहे. तिथे नेहमीची किल्ली किंवा कार्ड घरी कपाटात ठेवण्यापेक्षा घरातल्या दुसऱ्या माणसाकडे असलेलं बरं. फोनवरून नवऱ्याला किंवा मुलीला किल्ली पाठवताही येते, पण ते काम फोन जिवंत असतानाच, इंटरनेटवर करून ठेवावं लागतं.

एक शक्यता उरतेच. फोन शंभर टक्के, कार्ड हातात, पण गाडीची स्वतःची बारा व्होल्टची बॅटरी बसलेली. मुठीतल्या वाचकालाच वीज नसल्याने टेकवून काहीच होत नाही. बऱ्याच गाड्यांच्या नेहमीच्या रिमोट किल्लीच्या पोटात धातूचं पातं असतं आणि ड्रायव्हरच्या मुठीवरच्या झाकणाखाली त्याचं छिद्र. टेस्लात तेही नाही. तिथे मॉडेल वायच्या पुढच्या बंपरवरचं टो हुकचं गोल झाकण काढून आतल्या दोन तारांना बाहेरून बारा व्होल्ट दिले की पुढचं बॉनेट उघडतं आणि मग बॅटरीपर्यंत हात पोचतो.