अठराने का भागायचं?

महाराष्ट्रातून मुलाकडे इंग्लंडला किंवा कॅनडाला सहा महिने राहायला गेलेल्या आईवडिलांच्या सामानात गोळ्यांच्या पाकिटांसोबत ग्लुकोमीटरही असतो. इथून नेलेल्या स्ट्रिप संपल्या की मुलगा तिथल्या दुकानातून नवा मीटर आणतो. काल उपाशीपोटी १४८ दाखवणारी साखर आज त्या नव्या मीटरवर ८.२ दिसते. साखर तेवढीच असते, मोजायची पद्धत मात्र बदललेली असते.

आपल्याकडे, अमेरिकेत आणि जपानमध्ये रक्तातल्या ग्लुकोजचं वजन सांगतात. १४८ म्हणजे एका डेसिलिटरमध्ये, अर्थात १०० मिलिलिटर रक्तात, १४८ मिलिग्रॅम ग्लुकोज. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इथे वजनाऐवजी रेणूंची संख्या सांगतात. रेणू एकेक करून मोजता येत नाहीत, म्हणून त्यांचा एक ठरावीक गठ्ठा धरतात. तो गठ्ठा म्हणजे मोल, आणि त्याचा हजारावा भाग म्हणजे मिलिमोल.

एक मोल ग्लुकोजचं वजन किती, हे त्याच्या सूत्रातूनच निघतं. C₆H₁₂O₆ मध्ये कार्बनचे सहा अणू, त्यांचे ७२; हायड्रोजनचे बारा, त्यांचे १२; ऑक्सिजनचे सहा, त्यांचे ९६. बेरीज १८०. म्हणजे एका मोलचं वजन १८० ग्रॅम आणि एका मिलिमोलचं १८० मिलिग्रॅम. आता १४८ हा आकडा डेसिलिटरचा आहे. लिटर त्याच्या दहापट, म्हणून लिटरमध्ये १४८० मिलिग्रॅम. त्याला १८० ने भागलं की ८.२ मिलिमोल येतात. दहाने गुणून १८० ने भागणं म्हणजे सरळ अठराने भागणं. अठरा आला तो इथून.

काटेकोर आकडा १८.०१६ आहे, पण त्याची काळजी करू नये. २०० ला अठराने भागा किंवा १८.०१६ ने, उत्तर ११.१ च येतं. शिवाय घरच्या मीटरच्या मानकातच शंभराच्या वरच्या आकड्याला १५ टक्क्यांपर्यंत फरक चालतो. १४८ च्या बाबतीत तो फरक २२ पर्यंत जाऊ शकतो. त्यापुढे दशांशातला हा फरक काहीच नाही.

तोंडी करायचं असेल तर वीसने भागून त्यात उत्तराचा दहावा भाग मिळवावा. १४८ चे ७.४, त्यात ०.७ मिळवले की ८.१. खऱ्या उत्तरापेक्षा किंचित कमी येतं, पण अंदाजाला पुरतं. उलट दिशेने वीसने गुणून दहावा भाग वजा करावा, तिथे तर उत्तर अगदी बिनचूक येतं. जेवणानंतर ९.४ आली, तर वीसने गुणून १८८, त्यातून १८.८ गेले, राहिले १६९.

हा अठरा फक्त ग्लुकोजचा आहे. कोलेस्टेरॉलचा रेणू बराच जड, त्याला सुमारे ३८.७ ने भागावं लागतं. एचबीए१सीला तर हा हिशोब मुळीच लावू नये, कारण आपल्या रिपोर्टमधलं ७ हे टक्के असतात, मिलिमोल नव्हेत. एचबीए१सी ७ टक्के असेल तर सरासरी साखर साधारण १५४, म्हणजे ८.६ मिलिमोल धरतात. मीटरवरचे ७ मिलिमोल मात्र १२६ होतात.

खरा धोका भागाकारात नाही, दशांशचिन्हात आहे. मीटरच्या छोट्या पडद्यावर १०.८ दिसलं आणि चष्मा नसल्याने मधला ठिपका सुटला, तर ते १०८ वाचलं जातं. आयुष्यभर मिलिग्रॅमची सवय असलेल्या माणसाला १०८ अगदी ठीक वाटेल. प्रत्यक्षात साखर १९४ असते. याच्या उलट ५.४ हे ५४ वाचलं गेलं, तर साखर खूप उतरली असं समजून घरातले घाईघाईने साखरेचं पाणी पाजतील, आणि साखर मात्र ९७, म्हणजे व्यवस्थित.

ओळखायची खूण सोपी आहे. मिलिमोलच्या मीटरवर आकड्यात दशांश असतो, मिलिग्रॅमच्या मीटरवर तो नसतो. आकड्याच्या शेजारी बारीक अक्षरात mmol/L किंवा mg/dL लिहिलेलं असतं, तेही पाहावं. आकडा ५४ वाटतोय, पण घाम नाही, थरथर नाही, भोवळ नाही, तर आधी ठिपका शोधावा. मात्र काही जणांना साखर खरोखर उतरली तरी लक्षणं जाणवत नाहीत. त्यामुळे ठिपका नसेल आणि शेजारी mg/dL असेल, तर बरं वाटतंय म्हणून थांबू नये, लगेच साखर घ्यावी. बऱ्याच मीटरमध्ये एकक कारखान्यातच ठरवलेलं असतं. सेन्सरच्या मोबाइल अॅपमध्ये मात्र ते अनेकदा सेटिंगमधून बदलता येतं, आणि मुलाने स्वतःच्या सोयीने बदललं तर आईला कळतही नाही. वहीत साखर टिपताना आकड्यापुढे एककही लिहावं. भारतात परतल्यावर डॉक्टर ती वही उघडतील, तेव्हा सहा महिन्यांचे ७, ८, ९ कशाचे, हे त्यांना विचारावं लागणार नाही.