पेन्शनवर जप्ती येते का?

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 नुसार निवृत्तिवेतन, ग्रॅच्युइटी आणि भविष्य निर्वाह निधी सावकाराला किंवा बँकेला जप्त करता येत नाही. ‘पैसा खात्यात पडला की संरक्षण संपले,’ असा युक्तिवाद होतो. पण राधेश्याम गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये तो अमान्य केला: निवृत्तीची रक्कम मुदत ठेवीत ठेवली तरी तिचे स्वरूप बदलत नाही.

मग बँकांनी कर्ज वसूल करायचे कसे? इतर मालमत्तेतून. कायद्याने म्हातारपणाचा घास तेवढा राखला आहे. मात्र ती रक्कम निवृत्तीचीच, हे पासबुकातून दिसायला हवे. म्हणून पेन्शनच्या खात्यात दुसरी मिळकत मिसळू नका आणि जप्ती आलीच, तर न्यायालयात लगेच लेखी हरकत घ्या.