नव्वद दिवसांची नोंदवही

आमच्या नात्यातील एका सुनेने गेल्या वर्षी अक्षय्य तृतीयेनंतर आठवड्याभराने दंडात गर्भनिरोधक इम्प्लांट बसवून घेतले. पहिले मूल दहा महिन्यांचे होते. दुसरे तीन वर्षे नको, असे पतिपत्नींनी मिळून ठरवले होते. गोळी रोज आठवणीने घेणे तिला जमत नव्हते आणि तांबीची तिला भीती वाटत होती. निर्णय शांतपणे झाला. अशांतता सुरू झाली ती पुढच्या पंधरवड्यात, अंगावरून थोडेथोडे जाऊ लागले तेव्हा. आज चार ठिपके, उद्या काही नाही, परवा पुन्हा.

ज्या घरात पाळीच्या दिवसांत स्त्री देरासरात जात नाही व स्वयंपाकघरात पाऊल ठेवत नाही, तेथे अशी अडचण एकटीची राहत नाही. ती साऱ्या घराला कळते. आजेसासूबाई म्हणाल्या, "हातात काय घालून घेतलेस, काढून टाक." सासूबाई म्हणाल्या, "पर्युषणाला ही अशीच बसून राहणार का?" सून माझ्याकडे आली आणि तिने हळूच विचारले, "काकी, हे असेच चालणार असेल तर काढून टाकू का?"

मी डॉक्टर नव्हे. बँकेत चौतीस वर्षे हिशेब तपासले, एवढीच माझी पुंजी. म्हणून तिला एकच सांगितले की आधी रोजकीर्द लिही, ताळेबंद नंतर पाहू. त्या वहीचे पुढे काय झाले ते सांगण्यापूर्वी ही वस्तू काय आहे आणि अंगावरून का जाते, ते समजून घेऊ. तिच्या डॉक्टरांनी हे आम्हा दोघींना बसवून समजावले होते.

हे इम्प्लांट म्हणजे सुमारे ४ सेंटिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड अशी प्लास्टिकची एक लवचीक कांडी. आगपेटीतल्या काडीएवढीच ती दिसते. तीत एटोनोजेस्ट्रेल नावाचे संप्रेरक ६८ मिलिग्रॅम असते आणि ते तीन वर्षे अगदी अल्प प्रमाणात रक्तात उतरत राहते. ज्या हाताने आपण कमी काम करतो, त्या दंडाच्या आतल्या बाजूला भूल देऊन ती त्वचेच्या लगेच खाली सरकवतात. टाका लागत नाही. बोटाने चाचपले की कांडी हाताला लागते आणि लागलीच पाहिजे. पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत बसवली तर तिचा उपयोग लगेच सुरू होतो. इतर दिवशी बसवली, तर पुढचे सात दिवस निरोधसारखे दुसरे साधन वापरावे लागते. वर्षभरात हजार स्त्रियांमध्ये एकीलाही क्वचितच गर्भ राहतो, इतकी ती खात्रीची आहे. कांडी काढल्यावर बहुतेकींची बीजनिर्मिती काही आठवड्यांतच पूर्ववत सुरू होते.

आता अंगावरून जाण्याचे कारण. एरवी महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात एका संप्रेरकाने गर्भाशयाचे अस्तर जाड होते, दुसऱ्या पंधरवड्यात दुसऱ्याने ते स्थिर राहते, आणि दोन्हींची पातळी उतरली की सारे अस्तर एकदम गळते. तीच पाळी. कांडीमुळे बीज बाहेर पडणेच थांबते, म्हणून हा चढउतारही थांबतो. एकच संप्रेरक एकसारखे मिळत राहिल्याने अस्तर पातळ होते व त्यातील बारीक रक्तवाहिन्या नाजूक बनतात. त्यांतली एखादी आज येथे तर उद्या तेथे झिरपते. म्हणून हे रक्त थोडे, गडद आणि वेळी-अवेळी येते. त्यात अस्तर एकदम गळत नसल्याने नेहमीच्या अर्थाने ती पाळी नव्हे.

काहींच्या बाबतीत उलट घडते आणि महिनोन् महिने काहीच येत नाही. तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांना वाटते की रक्त आत साठत आहे. तसे नसते. अस्तर जाडच झाले नाही तर गळायला काही उरत नाही. अभ्यासांतून दिसलेले चित्र असे, की साधारण पाचांपैकी एकीची पाळी पूर्ण थांबते, तिघींपैकी एकीची विरळ होते आणि सहांपैकी एकीला एका खेपेस चौदा दिवसांहून लांबणारा रक्तस्राव होतो. कोणाच्या वाट्याला काय येईल, हे बसवण्यापूर्वी सांगता येत नाही.

म्हणूनच वही हवी. डॉक्टर हा हिशेब ९० दिवसांचा करतात, कारण एक-दोन आठवड्यांवरून काहीच ठरत नाही. सुनेच्या वहीत रोज एकच खूण होती. काही नसेल तर रेघ, पॅड लागणार नाही इतके असेल तर टिंब, पॅड लागले तर फुली. फुलीपुढे किती पॅड लागले तो आकडा. त्याच ओळीत दुखणे, ताप, घेतलेले औषध, यांची टीप.

नव्वद दिवस भरले तेव्हा आम्ही बेरीज केली. कांडी पाळीच्या तिसऱ्या दिवशी बसवली होती, म्हणून ती पाळी हिशेबात धरली नाही. त्यानंतर तीन खेपा झाल्या. पहिली ९ दिवसांची, दुसरी १६ दिवसांची, तिसरी ६ दिवसांची. एकूण ३१ दिवस. त्यांपैकी २४ टिंबे आणि केवळ ७ फुल्या. एकाही दिवशी तीनपेक्षा अधिक पॅड नव्हते. सुनेचा समज होता की तिला "सतत आणि खूप" जाते आहे. वहीने दाखवले की नव्वदांपैकी ५९ दिवस कोरे होते. तरीही मधली खेप चौदा दिवसांपलीकडे गेली होती आणि तीन महिने उलटले होते. अशा वेळी थांबून न राहता तपासणी करून घ्यायची असते, म्हणून ती डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टरांनी वही दोन मिनिटांत वाचली. प्रथम गर्भचाचणी केली. मग गर्भाशयाचे मुख पाहिले, कारण तेथील सूज, संसर्ग किंवा कोंब यांमुळेही रक्त जाते आणि दोष मात्र कांडीच्या माथी येतो. दोन्हींत काही नव्हते. हिमोग्लोबिन १०.४ निघाले. स्त्रीला ते १२ तरी हवे. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. पोटाची तक्रार नाही हे विचारून सूज कमी करणारे एक औषध पाच दिवसांसाठी दिले. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितले की याने स्राव बहुधा थांबेल, पण महिन्याभराने पुन्हा येऊ शकेल. काहींना तीन महिने संयुक्त गर्भनिरोधक गोळी देतात, पण रक्तदाब, अर्धशिशी, स्तनपान पाहूनच. शेजारणीची गोळी आणून घेण्याचा हा विषय नव्हे.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. पहिल्या तीन महिन्यांत ज्यांना त्रास कमी, त्यांना पुढेही बहुधा कमीच राहतो. ज्यांना अधिक, त्यांच्यापैकी सुमारे निम्म्या जणींचा पुढे कमी होतो. म्हणजे थांबण्यात अर्थ आहे, पण हमी नाही. "तुला सोसवत नसेल, तर आजही काढून देईन. त्यात काही चुकले असे मुळीच नाही," हेही त्या म्हणाल्या. सुनेने आणखी नव्वद दिवस पाहायचे ठरवले. दुसऱ्या वहीत १४ दिवस भरले, सारी टिंबे. पर्युषणात अठ्ठाई करण्याचा तिचा मानस होता. अंगावर पाजणारी आई, त्यात हिमोग्लोबिन कमी, म्हणून डॉक्टरांनी त्या वर्षी नको सांगितले. तिने एकासणे केली. देरासराचे काय, हे त्या घराने आपल्या महाराजसाहेबांना विचारून ठरवले. ते ठरवण्याचा अधिकार माझा नाही. पण कांडी काढायची की ठेवायची, हे केवळ त्या अडचणीवरून घाईने ठरले नाही, याचे मला समाधान आहे.

आता याच्या उलट उदाहरण. एका परिचित भगिनीची कांडी पावणेदोन वर्षे शांत होती. मग संबंधानंतर दोन-तीनदा रक्त दिसले. "इम्प्लांटचेच असेल," म्हणून तिने पाच महिने काढले. तपासणीत गर्भाशयाच्या मुखावर छोटा कोंब निघाला. तो साधा होता व सहज काढता आला. पण तिचे कारण प्रथमपासून कांडी नव्हतेच. बसलेली घडी अचानक बदलली, तर ते नवे खाते समजावे आणि नव्याने तपासावे.

म्हणून सुनेच्या वहीच्या मागच्या पानावर मी डॉक्टरांच्या सांगण्यावरून थोडे लिहून ठेवले. तासाला एक पॅड भिजते आहे आणि असे दोन तास चालले, चक्कर येते, किंवा पोटाच्या एका बाजूला तीव्र कळ येऊन घेरी येते, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालयात जावे. कांडी असताना गर्भ क्वचित राहतो, पण राहिला तर तो गर्भाशयाबाहेर नाही ना, हे तातडीने पाहावे लागते. ताप, ओटीपोटात दुखणे किंवा दुर्गंधी स्राव असेल, दंडावर लाली, सूज, पू दिसेल, किंवा हाताला मुंग्या, बधिरपणा येईल, तर एक-दोन दिवसांत दाखवावे. कांडी बोटाला लागेनाशी झाली तरी दाखवावे, आणि ती सापडेपर्यंत दुसरे साधन वापरावे. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन आणि फेफऱ्यावरील काही औषधे कांडीचा गुण कमी करतात. ती सुरू होत असतील तर त्या डॉक्टरांना दंड दाखवून सांगावे. तीन महिन्यांनंतरही लांबणारा स्राव, संबंधानंतरचे रक्त किंवा बदललेली घडी, यांसाठी वही घेऊन ठरवून भेट घ्यावी. आणि ज्यांना बसवण्यापूर्वीच कारण न कळलेला रक्तस्राव आहे, त्यांनी आधी त्याचे निदान करून घ्यावे.

परवा सून वही परत द्यायला आली. मी म्हटले, ठेव तुझ्याकडेच, मुदत अजून दोन वर्षांवर आहे. तिने पहिल्या पानावर बसवल्याची तारीख आणि काढण्याची तारीख, दोन्ही लाल शाईने लिहून ठेवल्या आहेत.