एकटीने जाताना उजेडाचा हिशेब

मुंबईहून एकटीने मालवणला जायचं असेल, तर तिकीट काढण्याआधी एक हिशेब करावा: गाडी रखडली तरी आपण उजेडात पोहोचू का?

मांडवी एक्सप्रेस सकाळी सातच्या सुमारास सीएसएमटीहून सुटते आणि दुपार कलल्यावर कुडाळला येते. दिवसाची गाडी म्हणून ती बरी वाटते. पण कुडाळहून मालवण अजून तीसेक किलोमीटर आहे आणि डिसेंबरात सहानंतर लगेच अंधारतं. गाडीला दोन तास उशीर झाला, तर पुढचा रस्ता काळोखातच कापावा लागतो. कोकणकन्या रात्री अकराच्या सुमारास निघून सकाळी कुडाळला पोहोचते. तिला तीन तास उशीर झाला तरी हाताशी दिवस उरतो. त्यामुळे इथे रात्रीची गाडीच सोयीची. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, तेव्हा वेळा पुन्हा तपासाव्यात.

मुक्कामाची जागा फोटोंवरून ठरवू नये, फोन करावा. घरमालकांचं कुटुंब त्याच आवारात राहतं का? खोलीच्या दाराला आतून कडी आहे का? मुख्य रस्त्यापासून किती आत चालावं लागतं? स्टेशनवर ओळखीचा रिक्षावाला पाठवाल का? उत्तरं सरळ मिळाली नाहीत, तर दुसरं घर बघावं. किनाऱ्यालगतची एकाकी खोली कितीही सुंदर असली, तरी पहिली रात्र वस्तीतल्या घरात काढावी आणि परिसर पाहून मग हलावं.

लाइव्ह लोकेशनचंही गणित आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर ते एका वेळी जास्तीत जास्त आठ तास चालतं. रात्री अकराला सुरू केलेलं सातला बंद पडतं, म्हणजे नेमकं उतरायच्या आधी. त्यामुळे सकाळी उठल्यावर ते पुन्हा सुरू करावं. वाटेतल्या बोगद्यांत रेंज जाते आणि नकाशावरचा ठिपका एकाच जागी थांबतो. घरच्यांना हे आधी सांगितलं नसेल, तर ते उगाच धास्तावतात. ठिपक्याखाली शेवटच्या नोंदीची वेळ दिसते, ती बघायला त्यांना शिकवावं. लोकेशन सगळ्या ग्रुपवर न टाकता घरातल्या दोघांनाच पाठवावं.

ठिपका फोन कुठे आहे एवढंच सांगतो, तुम्ही ठीक आहात का हे नाही. म्हणून दोन निरोप ठरवून घ्यावेत: ‘कुडाळला उतरले’ आणि ‘खोलीत पोहोचले’. गाडीचा क्रमांक, डबा, बर्थ आणि घरमालकांचा नंबर निघण्याआधीच घरी लिहून पाठवावा. ठरल्या वेळेनंतर तासभर निरोप आला नाही, तर घरच्यांनी आधी तुम्हाला फोन लावावा, मग १३९ वर गाडी कुठे आहे ते विचारावं. गाडी पोहोचली असेल तर घरमालकांना फोन करावा, आणि तिथेही पत्ता लागला नाही तर ११२ ला.