रेशनच्या यादीतली १०९ नावं गेली कुठं?

ग्रामपंचायतीच्या बैठकीत रेशनची नवी यादी वाचली की पहिला सवाल ठरलेला असतो: "आमची नावं कुणी कापली?" समजा, जुन्या नोंदवहीत १,२४० नावं होती आणि पडताळणीनंतर १,१३१ उरली. म्हणजे १०९ कमी. सचिवांनी एवढाच आकडा सांगितला तर गोंधळ होणारच. त्या १०९ जणांची फोड आधी मांडायला हवी.

त्यातली ३८ माणसं वारलेली आहेत. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीच्याच वहीत असताना नावं इतकी वर्षं राहिली कशी? कारण कायद्याने मृत्यू जिथे घडला तिथेच नोंदवतात. म्हातारा तालुक्याच्या दवाखान्यात गेला, तर नोंद तिथल्या नगरपालिकेत होते, गावच्या वहीत येत नाही. शिवाय ती वही आणि रेशनची यादी एकमेकांशी आपोआप जुळत नाहीत. घरच्यांनी अर्ज करून नाव कमी करावं लागतं. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, तेव्हा त्या अर्जाची घाई कुणाला असते?

आणखी २४ जणी लग्न होऊन सासरी गेल्या, तिथल्या कार्डावर चढल्या, पण माहेरचं नाव तसंच राहिलं. ही नावं जायलाच हवीत.

१७ नावं दुबार म्हणून काढली, आणि इथे जपून पाहावं लागतं. 'सखूबाई' आणि 'सखुबाई' ही एकच बाई असू शकते. पण एकाच भावकीत दोन चुलतजावा एकाच नावाच्या असतात, नवऱ्यांची नावंही सारखी निघतात. केवळ नाव जुळलं म्हणून एक ओळ खोडली, तर जिवंत, पात्र बाईचं धान्य बंद. वय, घर क्रमांक आणि आधार, तिन्ही जुळल्याशिवाय दुबार म्हणू नये.

उरले ३०. हे वारलेले नाहीत, दुबारही नाहीत, त्यांचं ई-केवायसी तेवढं झालेलं नाही. कुणी ऊसतोडीला गेलंय, कुणाच्या बोटांचे ठसे कष्टाने झिजलेत, कुणा पोराचं आधार पाच वर्षांनंतर अद्ययावतच केलेलं नाही. माझ्या मते खरा घोळ इथेच आहे. पडताळणी राहिली म्हणून माणूस अपात्र ठरत नाही, तरी यादीत दोघांची जागा एकच: 'कमी'. वरचे ७९ आणि हे ३० एकाच बेरजेत घातले की साफसफाई आहे त्यापेक्षा मोठी दिसते.

म्हणून बैठकीआधी पुरवठा विभागाकडून प्रत्येक नावापुढे कारण लिहिलेली यादी मागवा. ती फलकावर लावा, आधार क्रमांक मात्र झाकून. आणि त्या ३० जणांकडे बैठकीची वाट न पाहता दक्षता समितीचं कुणीतरी पाठवा.